वर्गात मुलाला फिट आली तर

तुमच्या वर्गात मिरगीची औषधं चालू असलेला मुलगा आहे म्हणालात, म्हणून सांगते. फिट आली की आधी घड्याळ बघा. घाबरलेल्या माणसाला एक मिनिटही दहा मिनिटांएवढं वाटतं, आणि पुढचा निर्णय वेळेवरच ठरतो.

बाक, दप्तरं बाजूला सरकवा. डोक्याखाली घडी घातलेली ओढणी ठेवा, कॉलरचं बटण आणि टाय सैल करा. हातपाय दाबून धरू नका. झटके त्याने थांबत नाहीत, हाड मात्र मोडू शकतं. कोणीतरी हमखास चमचा घेऊन धावत येईल. त्याला अडवा. जीभ गिळली जात नाही. चमच्याने दात तुटतो आणि तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. कांदा, चप्पल हुंगवणंही नको (हे शिपाईकाकांना आधीच समजावून ठेवा).

झटके ओसरले की लगेच कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येते, घशात उतरत नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत थांबते. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, शुद्ध येण्याआधी दुसरी आली, श्वास नीट येत नसेल किंवा डोक्याला मार लागला असेल, तर १०८ ला फोन करा. पालकांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मिडाझोलाम या फिट थांबवणाऱ्या औषधाचा नाकात मारायचा स्प्रे दिला असेल, तर तो चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणेच वापरा.

नंतर मूल अर्धा तासही गुंगीत राहू शकतं. पूर्ण भानावर येऊन नाव नीट सांगेपर्यंत पाणी देऊ नका. चड्डी ओली झाली असेल तर आधी बाकीच्या मुलांना बाहेर पाठवा.