वहिनीचं ताट वेगळं करायची गरज आहे का?

प्रश्न: वहिनीच्या दंडावर फिकट, बधिर चट्टा आहे. डॉक्टरांनी कुष्ठरोग सांगून गोळ्या सुरू केल्या. आईने तिचं ताट आणि अंथरूण वेगळं केलंय. हे बरोबर आहे का?

उत्तर: नाही, काहीच वेगळं करू नका. हा आजार ताटातून पसरत नाही, आणि या गोळ्यांचा, म्हणजे बहुविध औषधोपचाराचा, पहिला डोस घेतल्यावर काही दिवसांतच रुग्णापासून संसर्गाचा धोका जवळपास संपतो. मी त्वचारोग विभागात काम करते, तिथे आईंसारख्यांना मी चट्ट्याची तपासणीच दाखवते: रुग्णाने डोळे मिटायचे, कापसाचा धागा टेकला की बोटाने जागा दाखवायची. चट्ट्यावर बोट हलत नाही, शेजारी लगेच जातं. बिघाड मज्जातंतूंत आहे, हे बघणाऱ्याला तिथेच पटतं. पाचपर्यंत चट्टे असतील तर साधारण 6 महिने, जास्त असतील तर 12 महिने गोळ्या. त्यातल्या रिफॅम्पिसिन या औषधाने लघवी लालसर होते. घाबरून गोळ्या बंद करू नका. आजार पूर्ण बरा होतो, पण गेलेली संवेदना परत येईलच असं नाही. मध्येच चट्टा लाल होऊन सुजला, हात दुखू लागला किंवा बोटांतली ताकद कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि हो, घरातल्या सगळ्यांची त्वचा एकदा तपासून घ्या, आईंचीही.