पट्टीची रुंदी dx नव्हे, ds

भाऊ, रेषा अक्षाभोवती फिरवून होणाऱ्या शंकूच्या वक्र पृष्ठाचं क्षेत्रफळ तुझं 12π आलं आणि पुस्तकात 15π आहे, कारण पृष्ठाचे गोल पट्ट्यांमध्ये तुकडे करताना तू पट्टीची रुंदी dx धरलीस. सुरुवातीला जवळजवळ सगळेच इथे अडकतात.

घरातलं पुरणपोळीचं खापर पालथं ठेव आणि त्यावर ओल्या सुताचे वेढे कडेपासून वरपर्यंत घाल. कडेजवळ पृष्ठभाग उभा असतो. माथ्याजवळ तो जवळपास आडवा होतो, तिथे बोटभर रुंद पट्टीची उंची नगण्य असते. उंची, म्हणजे अक्षाच्या दिशेतला dx, मोजून क्षेत्रफळ काढलंस, तर माथा हिशोबातून गळतोच. म्हणून रुंदी उतारावरून मोजायची:

```
ds = √(1 + (y′)²) dx
S = ∫ 2πy ds
```

आता तुझाच शंकू. रेषा y = 3x/4, x 0 ते 4, x-अक्षाभोवती फिरवलेली. y′ = 3/4, म्हणून ds = (5/4)dx.

```
S = 2π · (3/4) · (5/4) · ∫₀⁴ x dx
  = 2π · (15/16) · 8 = 15π
```

πrl ने पडताळून बघ: त्रिज्या 3, तिरकी उंची 5. जुळलं.

घनफळात मात्र dx चालतो. तिथे चकतीच्या तिरक्या कडेमुळे पडणारा फरक चकतीच्या मानाने नगण्य असतो, चकत्या पातळ केल्या की एकूण चूक शून्याकडे जाते. पट्टीत तसं नाही. कितीही बारीक कर, ds आणि dx चं गुणोत्तर 5/4 च राहतं.

अजून एक: y-अक्षाभोवती फिरवताना त्रिज्या x होते, ds तोच राहतो. आधी चित्रात त्रिज्या काढ, मग सूत्र लिही.