एकच शब्द, दोन अर्थ: वाक्यातला अर्थ कसा ओळखावा?

प्रश्न: ‘मान’, ‘पाठ’ अशा शब्दांचा वाक्यात कोणता अर्थ घ्यायचा?

आधी त्या शब्दाचे वाक्यातील लिंग पाहा, कारण मराठीत अशा अनेक जोड्यांमध्ये अर्थ बदलला की लिंगही बदलते. ‘त्याची मान दुखावली’ यात मान स्त्रीलिंगी, म्हणजे शरीराचा अवयव. ‘त्याचा मान राखला’ यात पुल्लिंगी, म्हणजे आदर. विभक्ती प्रत्यय लागला की मात्र दोन्हीकडे ‘त्याच्या’ असेच रूप येते आणि ही खूण नाहीशी होते. तेव्हा सामान्यरूपाकडे वळावे: ‘मानेला’ म्हणजे अवयवाला, ‘मानाला’ म्हणजे आदराला. तसेच ‘पाठीवर’ आणि ‘पाठावर’ (धड्यावर), किंवा ‘नावेत’ (होडीत) आणि ‘नावात’. विद्यार्थी हमखास फसतात ते ‘तिने कविता पाठ केली’ या वाक्यात, कारण येथे ‘केली’ हे स्त्रीलिंगी रूप ‘कविता’मुळे आले आहे, ‘पाठ’मुळे नव्हे, ‘पाठ करणे’ म्हणजे मुखोद्गत करणे. या कसोटीला एक मर्यादा आहे. ‘कर’ हा शब्द हात आणि सरकारी आकारणी या दोन्ही अर्थांनी पुल्लिंगीच असल्याने तेथे लिंग मदत करत नाही. मग सोबतचे क्रियापद पाहावे, कारण कर जोडले तर ते हात आणि कर भरला तर ती आकारणी.