पत्रिका शिकण्याचं पहिलं वर्ष

चि. अनेक आशीर्वाद.

पत्रिका बघायला कुठून सुरुवात करू, असं तू विचारलंस. वर्षभर पुरेल असं सांगतो, पण क्रम मोडू नकोस.

पहिले तीन महिने भविष्य सांगायचं नाही, फक्त पत्रिका मांडायची. सॉफ्टवेअर एका क्षणात मांडून देईल, तरी पंचांग आणि लग्नसारणी घेऊन निदान पंचवीस पत्रिका हातानं मांड आणि मग सॉफ्टवेअरशी ताडून बघ. नवशिक्याची ठरलेली चूक इथेच सुटते: चौकटीतल्या आकड्याला तो स्थान समजतो. आकडा राशीचा असतो. लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, आणि तिचं घर ते पहिलं स्थान. लग्नाच्या घरात ४ दिसला तर कर्क लग्न, आणि तिथून पुढे मोजत गेल्यावर दहाव्या घरात १ येतो, म्हणजे मेष. मेषेचा स्वामी मंगळ, म्हणून दशमेश, म्हणजे दहाव्या स्थानाचा स्वामी, मंगळ. हे बोटं न मोजता सुचायला लागलं की पहिला टप्पा झाला समज.

चौथ्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत एकच काम: स्थानाचा स्वामी कुठे बसलाय आणि कोणाच्या दृष्टीत आहे. बारा स्थानं एकदम घेऊ नकोस, दशमापासून सुरू कर. लोकांचा कामधंदा आपल्याला ठाऊक असतो, त्यामुळे ताळा लगेच पाहता येतो. वरच्याच पत्रिकेत मंगळ मकरेत आहे असं धर. तो सप्तमात, उच्चीचा. मंगळाची चौथी, सातवी आणि आठवी दृष्टी. सातव्यापासून चौथं स्थान मोजलं तर दशम येतं, म्हणजे तो स्वतःच्याच मेषेला बघतोय. दशमेश बलवान आणि दशमावर त्याचीच दृष्टी. कामात पुढाकार आणि अधिकार इथे वाचायचा.

आता याच पत्रिकेत जन्मवेळ दहा मिनिटं आधीची घे. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतं, म्हणजे इथे अडीच अंशांचा फरक. लग्न कर्केच्या दीड अंशावर असेल तर ते मिथुनेच्या एकोणतिसाव्या अंशावर जातं. मंगळ मकरेतच आहे, पण मिथुन लग्नाला तो षष्ठेश आणि लाभेश, म्हणजे सहाव्या आणि अकराव्या स्थानाचा स्वामी, आणि बसला अष्टमात. ग्रह तेच, वाचन पार उलटं. सुरुवातीच्या काळात मी स्वतः असं एका कुटुंबाला चुकीचं सांगून बसलो होतो. घरच्यांनी वेळ ‘साधारण साडेदहा’ सांगितली, मीही ती तशीच धरली आणि लग्नाचे अंश पाहिलेच नाहीत. त्यांच्या मुलाची काळजी मी विनाकारण वाढवली, याचं वाईट आजही वाटतं. म्हणून लग्न पहिल्या किंवा शेवटच्या दोन-तीन अंशांत असलं, की आधी वेळ कुठून आली ते विचार. खात्री नसेल तर दोन्ही लग्नांच्या पत्रिका मांडून घडून गेलेल्या गोष्टींशी ताडून बघ. तरीही नक्की होत नसेल तर स्थानांवरून काही सांगू नकोस.

सातवा ते नववा महिना विंशोत्तरी दशेचा, म्हणजे आयुष्यातला कोणता काळ कोणत्या ग्रहाचा ते जन्मनक्षत्रावरून काढायचा. एक उदाहरण हातानं सोडव. चंद्र वृषभेच्या १५ अंशांवर आहे. रोहिणी वृषभेत १० अंशांपासून २३ अंश २० कलांपर्यंत असते. एका नक्षत्राच्या ८०० कला, त्यातल्या ३०० झाल्या, ५०० उरल्या. रोहिणीचा स्वामी चंद्र, त्याची महादशा १० वर्षांची. तिचे पाच अष्टमांश म्हणजे जन्मवेळी ६ वर्षं ३ महिने शिल्लक. मग मंगळाची ७ वर्षं, राहूची १८, आणि सव्वाएकतिसाव्या वर्षी गुरू लागतो. वेळेत तासाभराची चूक असेल तर या पत्रिकेत दशा पाचेक महिने सरकते. दहा मिनिटांनी महिनाभरही नाही. म्हणजे ज्या चुकीनं लग्न बदललं, तिनं दशा जवळपास जागेवरच राहिली. लग्नाबद्दल शंका असेल तेव्हा ही गोष्ट उपयोगी पडते.

शेवटचे तीन महिने ज्यांचं आयुष्य तुला माहीत आहे अशा वीस पत्रिका घे. आधी तुझं वाचन तारीख घालून वहीत लिही, मगच त्या व्यक्तीला विचार. चुकलेलं खोडायचं नाही. शेजारी कारण लिहायचं, वेळ चुकली, दृष्टी राहिली की स्थानच चुकीचं मोजलं. ऐकल्यावर ‘हे तर पत्रिकेत दिसतच होतं’ असं मन म्हणू लागतं, त्यावर हाच एक उपाय मला सापडला. गोचर म्हणजे ग्रहांचं चालू भ्रमण, आणि नवांश म्हणजे राशीचे नऊ भाग करून मांडलेली पत्रिका, ही दोन्ही याच काळात हळूहळू घे, आधी नको. आणि कोणाच्या आजारपणाबद्दल किंवा आयुर्मर्यादेबद्दल या वर्षात तोंड उघडायचं नाही.

पहिल्या दहा पत्रिका मांडून झाल्या की वही घेऊन ये. लग्नाचे अंश प्रत्येकीवर लिहिलेले असू देत.

तुझा,
काका