रात्रपाळी घ्यायची तर आधी दिवसा कुठे झोपणार ते ठरवा

प्रश्न: मुलगा तिसरीत, गावच्या जिल्हा परिषद शाळेत आहे. कंपनीत रात्रपाळी घेतली तर महिन्याला तीन-साडेतीन हजार जास्त मिळतात. घरी बायको आणि आई आहेत. रात्रपाळी घ्यावी की दिवसपाळीच बरी? गाव यवतमाळ जिल्ह्यात.

दादा, मी वर्धा जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. मुलगी दुसरीत असताना मी सलग रात्रपाळी घेतली होती, रात्री 11 ते सकाळी 7. माझं मत असं आहे, की जुलै ते फेब्रुवारी रात्रपाळी घ्या आणि मार्च ते जून काही झालं तरी दिवसपाळी मागून घ्या.

पोराला वेळ देता येणार नाही, ही भीती पहिल्या आठ महिन्यांत खरी ठरत नाही. शाळा साडेदहा ते पाच. पोर घरी येतं तेव्हा तुम्ही जागे असता, पाढे घेता, सोबत जेवता आणि ते झोपलं की निघता. पोराची आणि बापाची खरी चुकामूक 3 ते 11 च्या पाळीत होते. ती मात्र घेऊ नका.

मी चूक केली ती झोपेत. पावणेआठला घरी यायचो आणि मुलीची वेणी, डबा, दप्तर करून तिला पाठवेपर्यंत जागाच राहायचो. पडायला साडेदहा वाजायचे. तोवर ऊन वर येतं, गल्लीत वर्दळ सुरू होते आणि शरीरही दिवसासाठी जागं झालेलं असतं. मग दीड वाजता डोळे उघडायचे ते परत लागायचे नाहीत. रोजची तीनच तास झोप. आठ-पंधरा दिवसांत त्याचा परिणाम दिसला. मुलगी वही घेऊन आली की मी चिडायचो. एकदा आई म्हणाली, "पोरीवर कायले खेकसतं रे? तिनं काय केलं?" आणि एका सकाळी गाडीवरून परतताना लक्षात आलं, की मधलं गाव कधी मागे गेलं ते मला आठवतच नाही. त्या रस्त्यावर रोही आणि रानडुकरं आडवी येतात. असं एकदा जरी झालं, तरी पाळी बदलायची वेळ आली समजा.

त्यानंतर क्रम बदलला. शाळेची तयारी बायकोकडे दिली. मी आल्या आल्या आंघोळ करून थोडं खायचो आणि साडेआठला खिडकीला जाड चादर लावून झोपायचो, दीडपर्यंत. संध्याकाळी मुलीसोबत जेवून आठ ते साडेनऊ पुन्हा एक झोप. दोन्ही मिळून साडेसहा तास होतात. रात्री दोननंतर चहा बंद केला, नाहीतर सकाळची झोप लागत नाही. हे जमतं ते घरात दुसरं मोठं माणूस असल्यामुळे. तुमच्याकडे दोघी आहेत, म्हणूनच मी हो म्हणतोय. पोर रात्री एकटं राहणार असतं, तर पैशाचा विचारही करू नका म्हटलं असतं.

आता उन्हाळा. मार्चपासून शाळा सकाळची होते, पोर दुपारच्या आत घरी येतं आणि दोन खोल्यांच्या घरात त्याला गप्प बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. वर टिनाचं छत, बाहेर 44-45 अंश, आणि वीज गेली की कुलर बंद. रिंगफ्रेम खात्यात धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवतात, म्हणजे रात्रभर घाम गाळून यायचं आणि दिवसा पुन्हा घामातच पडायचं.

माझा त्या एप्रिलचा हिशेब सांगतो. रात्रीचे रोज 120 रुपये जास्त, 26 दिवसांचे 3120. दिवसा आठ तास कुलर चालवल्यानं 40 च्या वर युनिट वाढले, बिलात साधारण 480 रुपये. झोप न झाल्यानं दोन खाडे पडले. 550 रुपये रोजाप्रमाणे 1100 गेले, वर हजेरीचा 500 रुपये बोनस बुडाला. हातात राहिले 1040. त्यासाठी महिनाभर घरातल्या कुणाला मोठ्यानं बोलता आलं नाही.

पुढच्या वर्षी मी फेब्रुवारीतच सुपरवायझरला भेटलो. एका अविवाहित सहकाऱ्याला बहिणीच्या लग्नासाठी पैसे हवे होते, तो मार्चपासून माझ्या जागी रात्री यायला तयार झाला. दोघांनी मिळून लेखी अर्ज दिला आणि मला सकाळी 7 ते 3 ची पाळी मिळाली. आपल्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून अर्जात परत रात्रीवर यायची तारीख 1 जुलै लिहिली. तुम्हीही रात्रपाळीला होकार द्यायच्या आधीच ही अदलाबदल बोलून घ्या, आणि रात्रीचा भत्ता किती ते पगारपत्रकावर बघा. जादा तासांना दुप्पट दर कायद्यानं मिळतो, रात्रीचा भत्ता मात्र कंपनी ठरवते तेवढाच.

पहिले दोन आठवडे झोपेचे तास कॅलेंडरवर लिहीत जा. सलग चार-पाच दिवस साडेपाचच्या खाली आले, तर माझ्यासारखी एप्रिलची वाट बघू नका.