गंगावेशीची म्हैस कार्डावर आली

“मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. मराठी-इंग्रजी शंभर कार्डांचा संच आणलाय, रोज घेऊन बसते, पण तो तोंड फिरवतो. दोन भाषांनी गोंधळतोय का? इंग्रजी बंद करू?”

नको, असं मी या आईला पहिल्याच भेटीत सांगितलं. दोन भाषा कानावर पडल्या म्हणून बोलणं मागे पडत नाही. फक्त शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. आम्ही मोजले, अठरा भरले. दोन वर्षांच्या पुढे साधारण पन्नास शब्द आणि ‘बाबा ये’ अशी जोडी अपेक्षित असते, म्हणून आधी कान तपासून घ्यायला लावले. कान व्यवस्थित निघाले.

मग संच पाहिला. इग्लू, याक, झेब्रा! कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटमधल्या पोराने यातलं काय पाहिलं असणार? आजोबांसोबत तो सकाळी गंगावेशीत दूध आणायला जातो, रोज म्हशी बघतो. म्हशीचं कार्डच संचात नव्हतं.

आईला म्हटलं, तीन दिवस तो जे जे आवाज काढेल ते लिहून काढा. यादीत प, ब, म, न, त, द होते. यातले प, ब, म ओठांनी होतात, समोरच्याच्या तोंडावर दिसतात, म्हणून लवकर येतात. र, ळ, श आणि जोडाक्षरं उशिरा. त्या यादीवरून आठच वस्तू निवडल्या: पाव, बटण, बॉल, दूध, कप, बस, पाणी आणि म्हैस. म्हैस मुद्दाम घेतली. शब्द जोडाक्षराचा असला तरी सुरुवात म ने, इंग्रजी ‘बफलो’ची ब ने, आणि दोन्ही ओठांचेच.

फोटो त्याच्या रोजच्या पाहण्यातल्याच वस्तूंचे काढले. कपाच्या पहिल्या फोटोत वडिलांचा हात आला होता. पोरगा कार्ड बघून म्हणायचा, “बाबा!” त्याचं चुकलं नव्हतं. पांढऱ्या चादरीवर नुसता कप ठेवून फोटो पुन्हा काढला.

फोटो दोन्ही बाजूंना तोच, एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. अक्षरं मोठ्यांसाठी. आजी मराठी बाजू धरायची, आई इंग्रजी, वेगवेगळ्या वेळी. “इंग्लिशमध्ये काय म्हणतात?” हे विचारणं मी पूर्ण बंद करायला लावलं, कारण पोरगा तोंड फिरवायचा ते नेमकं तिथेच. एका बैठकीत तीनच कार्डं आणि शक्य तिथे शेजारी खरी वस्तू. तो “मै” म्हणाला की “हो, म्हैस” एवढंच म्हणायचं, “नीट म्हण” नाही.

पाचव्या आठवड्यात आजोबा सांगत आले. गंगावेशीत धार काढणं चाललं होतं आणि हा बोट दाखवून म्हणाला, “मै दूद.”