टाचण शेवटाकडून लिहा

प्रश्न : पुढच्या आठवड्यात माझा पहिला निरीक्षण पाठ आहे. निरीक्षक मागच्या बाकावर बसून वही भरत असतात. त्या वहीत नेमकं काय लिहितात?

मी बरीच वर्षं त्या मागच्या बाकावर बसते आहे, म्हणून माझ्या वहीचंच सांगते. पान उभं दुभागलेलं असतं. डावीकडे शिक्षक काय बोलले, काय केलं. उजवीकडे त्याच वेळी मुलं काय करत होती. कडेला घड्याळातली वेळ. आवाज, फळ्यावरचं अक्षर, साधनं यांची नोंद होते, पण ती दोन ओळींत आटोपते. डावी बाजू भरगच्च आणि उजवीकडे ‘ऐकत आहेत’, ‘ऐकत आहेत’ असं पंधरा मिनिटं चाललं, की खाली काय शेरा लिहावा लागणार ते मला कळून चुकतं.

मुलं कामाला लागली की मी उठते, दोन-तीन वह्या बघते आणि एखाद्याला हळूच विचारते, ‘काय करतोयस? कशासाठी?’ ‘बाईंनी सांगितलेली गणितं’ हे एक उत्तर. ‘तुकडे सारखे नाहीत, म्हणून आधी सारखे करतोय’ हे दुसरं. निरीक्षण नमुन्यातले रकाने ठिकठिकाणी वेगळे असतात, पण बरेचसे याच फरकाभोवती फिरतात : ठरवलेलं उद्दिष्ट, मुलांना दिलेलं काम आणि शिकलं की नाही याची तपासणी, ही तिन्ही एकाच गोष्टीबद्दल आहेत का? तुमच्या शाळेचा नमुना आधीच मागून घ्या. तो सहसा गुप्त नसतो.

प्रश्न : मागच्या वेळी ‘उद्दिष्ट ढोबळ आहे’ असा शेरा मिळाला. मी लिहिलं होतं, ‘विद्यार्थ्यांना छेद समान नसलेल्या अपूर्णांकांची बेरीज समजेल.’ यात ढोबळ काय आहे? आणि ४० मिनिटांचा पाठ बसवायचा कसा?

‘समजेल’ हे डोळ्यांना दिसत नाही, अडचण तिथेच आहे. शिवाय छेद समान नसलेले अपूर्णांक हा एका तासिकेचा घास नव्हे. १/२ + १/४ आणि २/३ + ३/५ यांत बरंच अंतर आहे. पहिल्यात एकच छेद बदलावा लागतो, दुसऱ्यात दोन्ही. पहिला प्रकार घ्या, दुसरा उद्यावर ठेवा.

आता टाचण मागून लिहायला घ्या. शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येक मूल चिठ्ठीवर काय सोडवेल? समजा, २/३ + १/६, आणि खाली ‘छेद सारखा का केला?’ याचं एक वाक्य. मग उद्दिष्ट आपोआप असं होतं : ‘एक छेद दुसऱ्याच्या पटीत असलेल्या दोन अपूर्णांकांची बेरीज विद्यार्थी करतील आणि छेद सारखा का करावा लागला ते सांगतील.’ हे झालं की नाही, हे चिठ्ठ्या पाहून तुम्हालाही ठरवता येतं आणि मलाही.

सुरुवात नेहमीच्या चुकीनेच करा. फळ्यावर १/२ + १/४ = २/६ लिहा आणि ‘हे बरोबर असू शकेल का?’ असं विचारा. २/६ म्हणजे १/३, आणि ते अर्ध्यापेक्षाही कमी. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून लहान! मुलांनी सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या घडी घालून पाहिल्या, तर हे त्यांचं त्यांनाच दिसतं. याला ५ मिनिटं. पुढची १० मिनिटं त्याच पट्ट्यांवर अर्ध्याचे दोन चतुर्थांश करून ३/४ पर्यंत जाण्याची.

मग पाठाचा सांधा येतो, म्हणजे पुढे जायचं की मागे वळायचं हे ठरवणारा प्रश्न, आणि त्यावर मी स्वतः सगळ्यात जास्त वेळ घालवते. फळ्यावर १/३ + १/६ आणि तीन पर्याय : २/९, २/६, ३/६. सगळ्यांनी एकाच वेळी पाटी वर करायची. २/९ लिहिणाऱ्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला आहे. त्याला अजून पट्टीच हवी. २/६ लिहिणाऱ्याची चूक वेगळी. त्याने छेद ६ केला, पण १/३ चा अंश तसाच ठेवला. त्याच्याकडून एक तृतीयांशाची घडी पुन्हा मधोमध घालून घ्या, म्हणजे एकाचे दोन तुकडे झालेले दिसतील. चुकीचे पर्याय असे निवडावे, की पाटी पाहताच चुकीचं कारण कळेल.

टाचणात याच्याखाली दोन ओळी लिहा : निम्म्याहून जास्त चुकले तर काय करणार, आणि चार-पाचच चुकले तर काय. पहिल्या वेळी सगळा वर्ग पट्टीकडे परत. दुसऱ्या वेळी बाकीचे जोडीने सराव करतील आणि ते चार-पाच तुमच्याजवळ बसतील. मी पाहिलेल्या बहुतेक टाचणांत या ओळी नसतात. प्रश्न विचारला जातो, उत्तरं चुकतात आणि पाठ ठरल्याप्रमाणे पुढे सरकतो. माझ्या वहीत ते लगेच टिपलं जातं.

या तपासणीला ३ मिनिटं, जोडीच्या कामाला १२, चिठ्ठीला ५. उरलेली ५ मुद्दाम मोकळी ठेवा. वाटणं, गोळा करणं, पेन्सिली शोधणं यांत ती कधी जातात ते कळतही नाही.

प्रश्न : हाच पाठ आदल्या दिवशी त्याच वर्गात घेऊन ठेवला तर?

नको. मुलं सांगून टाकतात. एकदा माझ्या शेजारच्या मुलीने प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर पाटीवर लिहिलं आणि मला म्हणाली, ‘कालचंच आहे.’ तालीम करायचीच असेल तर दुसऱ्या तुकडीवर करा, किंवा रिकाम्या वर्गात फक्त सूचना मोठ्याने म्हणून पाहा. गोंधळ उडतो तो बहुधा सूचनांत.

प्रश्न : निरीक्षक आले की मुलं गप्प होतात. प्रश्न विचारला की शांतता, मग मीच उत्तर सांगून मोकळी होते.

शांतता किती वेळ टिकते, कधी मोजलंय? मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतले संवाद तपासले, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात असं आढळलं. थांबणं ३ सेकंदांवर गेलं, की उत्तरं लांबली आणि अधिक मुलं बोलू लागली. मागे कुणी बसलं असताना ते ३ सेकंद फार लांब वाटतात, हे खरं. मनात आकडे मोजा. आणि पहिलं उत्तर तोंडी मागूच नका. आधी पाटीवर लिहू दे, शेजाऱ्याला दाखवू दे, मग बोलू दे. लिहिलेलं वाचून दाखवायला लाजरं मूलही तयार होतं.

प्रश्न : वेळ संपला आणि पाठ अर्धवट राहिला तर? नंतरच्या चर्चेत काय बोलायचं?

काय गाळायचं ते टाचणातच खूण करून ठेवा. जोडीचा सराव सहा गणितांवरून तीनवर आणता येतो. चिठ्ठी गाळू नका, कारण नंतरच्या चर्चेत तुमच्या हातात तीच असते.

चर्चेला जाण्याआधी चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा : बेरीज आणि कारण दोन्ही बरोबर, बेरीज बरोबर पण कारण नाही, आणि बेरीजच चुकलेली. तिसऱ्या ढिगात ३/९ किती आणि ३/६ किती ते वेगळं मोजा. सांध्यावरच्या त्याच दोन चुका इथे या रूपात येतात. ‘पाठ कसा वाटला?’ असं विचारलं की ढीग पुढे ठेवून सांगा, ‘सात जणांनी ३/६ लिहिलंय, त्यांचा अंश बदलायचा राहिला. उद्या पहिली दहा मिनिटं त्यांच्यासाठी.’ फसलेल्या पाठानंतर अशी चिठ्ठ्यांवर बोट ठेवून झालेली चर्चा मी ऐकली आहे, आणि तेव्हा वहीतला शेरा पुन्हा लिहिलाही आहे.